अल्फाचा बिंदू आणि बीटाचा बिंदू एक नव्हे

तान्ह्या बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी वाचणाऱ्याला अल्फा कोन सांगायला लागत नाही. ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी 1980 मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. अल्फा खुब्याच्या वाटीचे हाडाचे छत किती घडले ते सांगतो, बीटा त्यापुढचे कूर्चेचे छत कुठे आहे ते सांगतो. अल्फा 60 अंश किंवा जास्त म्हणजे पक्व खुबा आणि 43 च्या खाली म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा वाटीतून सरकलेला, इतके पाठ असते. एक किरकोळ गोंधळ आधीच बाजूला काढतो. एक्स-रेवरचा अॅसिटॅब्युलर इंडेक्स आणि हा अल्फा उलट दिशेने चालतात. तिथे आकडा वाढला की वाईट, इथे वाढला की चांगले. रिपोर्टमध्ये नुसते ‘कोन’ लिहिणाऱ्यांमुळे हा घोळ होतो. नाव लिहा, विषय संपला.

खरा घोळ दुसरीकडे आहे. एकामागून एक चित्रे पाहतो आणि तिन्ही रेषा एका टोकदार बिंदूत मिळालेल्या दिसतात. दिसायला छान, पण डिसप्लास्टिक, म्हणजे वाटी नीट न घडलेल्या खुब्यात बहुतेक वेळा चूक. अल्फा आणि बीटा यांना एकच रेषा सामाईक आहे, ती म्हणजे बेसलाइन. शिरोबिंदू सामाईक असायलाच हवा असे कुठेही नाही.

रेषा एकेक करून पाहू. बेसलाइन इलियमच्या, म्हणजे कमरेच्या वरच्या पसरट हाडाच्या, बाहेरच्या कडेला स्पर्शून जाते. कूर्चेच्या छतावरचे आवरण इलियमला वर जिथे चिकटते तिथून ती सुरू करायची. दुसरी रेषा अल्फाची. ती वाटीच्या आत इलियमच्या खालच्या टोकापासून, म्हणजे लोअर लिंबपासून निघते आणि हाडाच्या छताला स्पर्शते. ती स्पर्शरेषा आहे, त्यामुळे लोअर लिंबवर पट्टीचे एक टोक धरायचे आणि दुसरे टोक हाडाला लागेपर्यंत फिरवायचे. तिसरी रेषा बीटाची आहे. ती हाडाच्या कडेपासून निघून लेब्रमच्या मध्यातून जाते. लेब्रम म्हणजे गोळ्याला टेकलेला तो लहान, उजळ त्रिकोण.

आता ‘हाडाची कड’ कुठे? लोक ती बेसलाइन आणि अल्फारेषा जिथे छेदतात तिथे धरतात. ग्राफ पद्धतीत कड म्हणजे वळणबिंदू: वाटीच्या आतून बाहेर येताना अंतर्वक्र छत जिथे बहिर्वक्र होते ती जागा. पक्व खुब्यात कोपरा टोकदार असतो, म्हणून वळणबिंदू आणि छेदबिंदू जवळजवळ एकच येतात आणि चूक कुणाला कळत नाही. कोपरा गोल झाला की दोघे वेगळे होतात. स्पर्शरेषा गोलाईच्या बाहेरून जाते, बेसलाइनशी तिचा छेद हाडापासून सुटून बाहेर पडतो, आणि खरा वळणबिंदू मात्र आत, वाटीच्या बाजूला राहतो. म्हणजे ज्या खुब्यात बीटाची खरी गरज आहे नेमक्या त्याच खुब्यात छेदबिंदू फसवतो. छेदबिंदू म्हणजे कागदावर काढलेल्या दोन रेषांची भेट, तर वळणबिंदू हा हाडाचा भाग आहे. बीटा हाडापासून मोजायचा असतो.

फरक किती पडतो ते आकड्यांनी पाहू. एका बाळाचा अल्फा 46 आला असे धरा. छेदबिंदू शून्य माना, बेसलाइनवर खाली पायाकडे मोजा आणि तिच्याबाहेर त्वचेकडे मोजा. लेब्रमचा मध्य छेदबिंदूपासून 2.4 मिमी खाली आणि 6.6 मिमी बाहेर आहे. छेदबिंदूपासून रेषा काढली तर बीटा 70 अंश येतो. वळणबिंदू मात्र 1 मिमी खाली आणि 1.2 मिमी आत आहे. तिथून लेब्रमपर्यंत 1.4 मिमी खाली आणि 7.8 मिमी बाहेर जावे लागते, म्हणून बीटा जवळपास 80 अंश. अल्फा दोन्ही वेळा 46 च.

46 म्हणजे 43 ते 49 चा पट्टा. या पट्ट्यात निकाल अल्फा देतच नाही. बीटा 77 पर्यंत असेल तर टाइप 2 सी, त्यापेक्षा जास्त असेल तर टाइप डी. टाइप 2 सी मध्ये गोळा अजून वाटीत आहे आणि ताण देऊन तो स्थिर आहे की नाही हे पाहायचे. टाइप डी मध्ये गोळा सरकू लागला आहे आणि आधी तो जागेवर आणावा लागतो. एकच बाळ, एकच फोटो, पण दीड मिलिमीटरच्या गैरसमजामुळे उपचारच बदलतो. आणि चूक नेहमी एकाच बाजूने होते: छेदबिंदू धरला की बीटा कमी येतो आणि खुबा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. म्हणून मला ही चूक दुसऱ्या कुठल्याही चुकीपेक्षा जास्त खुपते.

ओळखायची खूण सोपी आहे. तिन्ही रेषा एकत्र आलेल्या असतील आणि कोपरा मात्र गोल दिसत असेल, तर मोजमाप कुणीतरी रेषा जुळवण्यासाठी केले आहे. वळणबिंदू शोधताना मी फोटो मोठा करतो, छताच्या आतल्या भागापासून सुरू करतो आणि बाहेर सरकत जातो. उलट, इलियमकडून आत येणारे बहुधा गोलाईच्या माथ्यावर थांबतात आणि तिलाच कड म्हणतात.

अल्फाच्या बाजूने एकच गोष्ट सांगतो, कारण बाकीचे तुम्हाला येते. लोअर लिंबच्या जागी वाटीच्या तळातल्या चरबीचा उजळ ठिपका धरला जातो. तो गोळ्याच्या बाजूला सरकलेला असल्याने अल्फा कमी येतो. छताची लांबी 10 मिमी धरली आणि टोक रेषेला काटकोनात 1 मिमी सरकले, तरी जवळपास 6 अंशांचा फरक पडतो. म्हणजे 62 चा खुबा 56 होतो आणि पालक विनाकारण घाबरतात.

हे सगळे फोटो योग्य असेल तरच. लोअर लिंब दिसत नसेल, इलियम मध्यभागातून कापलेले सरळ दिसत नसेल किंवा लेब्रम नसेल, तर कोन काढू नका, फोटो पुन्हा घ्या. अपवाद सरकलेल्या खुब्याचा: तिथे गोळ्यासोबत छेद बदलतो, लोअर लिंब त्याच फोटोत सापडेलच असे नाही. तिथे बीटाची गरजही नसते, कूर्चेचे छत वर ढकलले गेले की खाली दाबले गेले एवढेच पाहायचे. वर म्हणजे टाइप 3, खाली म्हणजे टाइप 4.

बीटाला ‘दुय्यम कोन’ म्हणणे मला पटत नाही. अल्फा 60 च्या वर असताना तो 55 च्या खाली की वर एवढाच पोटप्रकार ठरवतो, 1 ए की 1 बी, आणि त्याने उपचार बदलत नाहीत. तिथे त्याला दुय्यम म्हणा, माझी हरकत नाही. पण 43 ते 49 मध्ये तोच निर्णय देतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये नुसता अल्फा 46 लिहिलेला दिसला की मी तो परत पाठवतो, आणि बीटा लिहिला असेल तर वळणबिंदू दाखवणारा फोटो मागतो.