डॉक्टरांची वेळ घेण्यासाठी फोनवरील संभाषण

खासगी दवाखान्यात किंवा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना भेटण्याआधी रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक रिसेप्शनवर फोन करून वेळ ठरवतात, ते हे संभाषण. बोलीत याला ‘नंबर लावणे’ किंवा ‘अपॉइंटमेंट घेणे’ म्हणतात. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांकडे बहुधा याची गरज पडत नाही, जाऊन बसले की नंबर येतो. सरकारी रुग्णालयात साधारणपणे सकाळी खिडकीवर केसपेपर काढूनच रांगेत बसायचे असते. फोन लागतो तो मुख्यतः तज्ज्ञ डॉक्टरांकडे : हाडांचे, हृदयाचे, त्वचेचे, स्त्रीरोगाचे.

फोन उचलणारी व्यक्ती डॉक्टर नसते, पण डॉक्टरांचा दिवस तिच्या हातात असतो. दोन-तीन मिनिटांत तिला एवढेच ठरवायचे असते, की रुग्ण नवीन आहे की जुना, आणि त्याला आजच घ्यायचे की चार दिवसांनी चालेल. नवीन रुग्णाला तपासायला जास्त वेळ लागतो, म्हणून त्याची वेळ वेगळी धरतात. बहुतेक प्रश्न या दोन गोष्टींसाठीच असतात. त्यांची उत्तरे पहिल्या वाक्यात आली, तर पुढचे बोलणे झटपट उरकते. उलट ‘डॉक्टर आहेत का?’ एवढेच विचारले तर ‘आहेत’ एवढेच उत्तर मिळते.

खालचा नमुना पुण्यातल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातला आहे. संवाद काल्पनिक आहे. मुलगी आईसाठी फोन करते आहे.

— नमस्कार, क्लिनिक.

— नमस्कार मॅडम. माझ्या आईसाठी सरांची अपॉइंटमेंट हवी होती. पहिल्यांदाच येतोय. वय अडुसष्ट, उजवा गुडघा पंधरा दिवसांपासून दुखतोय.

— पडल्या होत्या का?

— नाही, पडली नाही. जिना उतरताना जास्त दुखतं.

— सूज आहे? गुडघा लाल किंवा गरम लागतो का? ताप?

— थोडी सूज आहे. लाल नाही, ताप पण नाही. घरात चालते ती.

— ठीक आहे. आज सर ऑपरेशनला आहेत. गुरुवारी चौदा तारखेला, संध्याकाळी पावणेसात चालेल?

— त्याच्या आधी काही मिळेल का? ऑफिसमुळे मला शुक्रवार-शनिवार जमत नाही, पण उद्या जमेल.

— उद्या फुल आहे. कोणी कॅन्सल केलं तर फोन करते. सध्या गुरुवारचं लिहू?

— हो, लिहा. फी किती आहे, आणि फोनवरून पैसे भरता येतील ना?

— फी हजार रुपये, यूपीआय चालतं. नाव आणि मोबाइल नंबर सांगा.

— शालिनी देशपांडे. नंबर माझा देते. (एकेक आकडा सांगते.) बरं, एक्स-रे आधीच काढून आणू का?

— नको, सर तपासून लिहून देतील. जुने रिपोर्ट असतील तर आणा. शुगर, बीपीच्या गोळ्या चालू आहेत?

— बीपीची आहे, आणि रक्त पातळ होण्याची एक.

— मग सगळ्या गोळ्यांची पाकिटंच घेऊन या.

— दवाखाना कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे का?

— पहिल्या मजल्यावर, लिफ्ट आहे. दहा मिनिटं आधी या, केसपेपर करायचा असतो.

— म्हणजे गुरुवार, चौदा तारीख, पावणेसात. आम्ही साडेसहापर्यंत पोहोचतो. थँक्यू मॅडम.

यातले पडल्याचे, लाल-गरम असण्याचे आणि तापाचे प्रश्न रिसेप्शनिस्ट चौकशी म्हणून विचारत नाही. गुडघा अचानक सुजून लाल आणि गरम झाला, सोबत ताप असला, तर सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, आणि तिथे चार दिवस थांबणे धोक्याचे. पडल्यानंतर पायावर भारच देता येत नसेल तर हाड मोडल्याची शंका येते. एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर शिरेत रक्ताची गाठ झाली आहे का हे पाहावे लागते. अशा वेळी उत्तर ‘गुरुवारी या’ असे न येता ‘आत्ताच घेऊन या’ असे येते. म्हणून ‘फार दुखतंय हो’ यापेक्षा ‘काल रात्रीपासून पाय टेकवता येत नाही’ हे सांगणे उपयोगी पडते. लवकर नंबर मिळावा म्हणून त्रास वाढवून सांगणारे बरेच असतात. अनुभवी रिसेप्शनिस्ट ते पुढच्या दोन प्रश्नांत ओळखते.

एक्स-रेबाबतच्या ‘नको’लाही कारण आहे. गुडघ्याची झीज बघायला बहुधा रुग्णाला उभे करून एक्स-रे काढतात, कारण अंगाचा भार पडला की सांध्यातली फट किती कमी झाली ते दिसते. आधीच झोपवून काढलेला असेल तर पुन्हा काढावा लागू शकतो. रक्ततपासणीचेही असेच विचारून घ्यावे : ‘उपाशीपोटी यायचं का? किती तास? पाणी चालेल का?’ उपाशीपोटी साखर तपासताना किमान आठ तास काही खायचे नसते, साधे पाणी चालते. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी या तपासणीला मात्र उपाशी राहावे लागत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचे की नाही, हे रिसेप्शनला न विचारता डॉक्टरांकडून कळवून घ्यावे.

विभाग बदलला की प्रश्नही बदलतात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे शेवटच्या पाळीची तारीख विचारतात, तेव्हा ती आधीच बघून ठेवावी. बालरोगतज्ज्ञांकडे बाळाचे वय महिन्यांत आणि ताप थर्मामीटरवर किती आला ते लागते. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता लगेच दाखवायचे असते.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो वेळ आणि नंबर यांत. काही दवाखाने ‘पावणेसात’ म्हणतात तेव्हा खरोखर वेळ देतात. काही ठिकाणी मात्र तो फक्त पोहोचण्याचा अंदाज असतो आणि आत सोडतात ते क्रमांकाने. हे सरळ विचारावे : ‘वेळेप्रमाणे घेता की नंबराप्रमाणे? निघण्याआधी फोन करून कितवा नंबर चालू आहे ते विचारलं तर चालेल का?’ ज्येष्ठांना तासभर खुर्चीवर ताटकळत बसवण्यापेक्षा हा एक फोन बरा. ‘परवा’ हा शब्द टाळून वार आणि तारीख दोन्ही म्हणावे. मोबाइल नंबरही एकेक आकड्याने सांगावा, कारण एकोणसाठ आणि एकोणसत्तर फोनवर सहज मिसळतात.

जुन्या रुग्णांनी फॉलोअपची मुदत विचारावी. अनेक ठिकाणी ठरावीक दिवसांत पुन्हा दाखवल्यास फी कमी असते किंवा नसतेच, पण ही मुदत दवाखान्यागणिक वेगळी असते. फक्त रिपोर्ट दाखवायचे असतील तर ‘रिपोर्ट दाखवायला पूर्ण अपॉइंटमेंट लागेल का, की मध्ये घ्याल?’ असे विचारले तर पुष्कळदा मधली पाच मिनिटे मिळतात. येणे रद्द करायचे असेल तर आदल्या दिवशी एवढे पुरते : ‘उद्या सहाची अपॉइंटमेंट होती, जमत नाहीये. पुढच्या आठवड्यातली मिळेल का?’

छातीत दाब, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे, अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर हे संभाषण करायचेच नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका सेवा आहे. तिथे आधी ठिकाण सांगावे, जवळच्या खुणेसकट, मग काय झाले ते. आणि पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नये.