स्केल बार आणि ‘४५० पट’: फोटोतल्या पेशीचं खरं माप कसं ठरत आलं

पेशीच्या फोटोवर मापाच्या दोन खुणा असतात: ठरावीक खरी लांबी दाखवणारी रेघ, म्हणजे स्केल बार, आणि खाली लिहिलेला ‘४५० पट’सारखा आकडा. पुष्कळदा या दोन्हींचा मेळ बसत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या पहिल्या काळात माप म्हणजे अंदाजच असे. सतराव्या शतकात दिसलेल्या जिवाची तुलना वाळूच्या कणाशी किंवा केसाच्या जाडीशी केली जायची. पुढे काचेवर १ मिलिमीटरचे १०० भाग कोरलेला स्टेज मायक्रोमीटर आला. त्याच्या एका घराची रुंदी १० मायक्रोमीटर. आजही सगळी मापं शेवटी या काचेपाशीच येतात.

आपल्याकडच्या या घोळाचं मूळ मात्र कॅमेरा ल्युसिडाच्या दिवसांत आहे. नळीवर बसवलेल्या या प्रिझममधून पेशी शेजारच्या कागदावर पडल्यासारखी दिसते आणि पेन्सिलीने तिची कड गिरवता येते. कागद खाली-वर केला की चित्र लहान-मोठं होतं, म्हणून जाणते लोक पेशी काढून झाल्यावर कशालाही न हलवता स्लाइड बदलून स्टेज मायक्रोमीटर ठेवत आणि त्याच्या रेघाही त्याच कागदावर उतरवत. स्केल बारमागची कल्पना हीच. पण प्रॅक्टिकलचं जर्नल सर्टिफाय करून घेण्याच्या घाईत ही दुसरी पायरी गळायची आणि चित्राखाली डोळ्याजवळच्या भिंगाचा, म्हणजे आयपीसचा आकडा गुणिले स्लाइडजवळच्या भिंगाचा, म्हणजे ऑब्जेक्टिव्हचा आकडा लिहिला जायचा: १० गुणिले ४५, म्हणजे ४५० पट.

हा गुणाकार चूक नाही, तो वेगळ्याच गोष्टीचा आहे. आयपीसवरचा १० हा आकडा २५० मिलिमीटर अंतरावर पाहणाऱ्या डोळ्यासाठी ठरवलेला आहे. त्यामुळे ४५० ही नळीतून पाहणाऱ्याला दिसणारी पट झाली. कागदावरच्या चित्राची किंवा छापलेल्या फोटोची पट म्हणजे चित्रातली लांबी भागिले खरी लांबी, आणि ती प्रिंटच्या आकारावर ठरते. फिल्मच्या काळात निगेटिव्ह एन्लार्जरवर किती मोठी केली याची नोंद निदान डार्करूममध्ये असे. आता मराठवाड्यातल्या कुठल्याही कॉलेजात आयपीसला मोबाइल टेकवून फोटो काढतात, तो व्हॉट्सॲपवरून फिरतो, वर्ड फाइलमध्ये कोपरा ओढून लहान होतो, आणि खाली ‘१०० पट’ तसंच राहतं. फोटोबरोबर बार आकसतो, आकडा आकसत नाही.

समजा, कांद्याच्या पापुद्र्याचा छापील फोटो आहे आणि खाली १०० पट लिहिलंय. १०० मायक्रोमीटरचा बार फूटपट्टीने ६ मिलिमीटर भरतो, पेशी १८ मिलिमीटर. ६ मिलिमीटर म्हणजे ६००० मायक्रोमीटर, भागिले १००, म्हणजे फोटोची खरी पट ६०. पेशी १८,००० भागिले ६०, म्हणजे ३०० मायक्रोमीटर. छापील आकडा धरला असता तर १८० आली असती, आणि कांद्याच्या बाबतीत तेही कुणाला खटकलं नसतं. दोन्ही पटींचं गुणोत्तर ०.६, म्हणजे १०० ही मूळ फोटोची पट असेल तर तो साठ टक्क्यांवर आणलेला.

एवढ्यावरून बरेच जण छापील पट निरुपयोगी ठरवतात आणि अनेक संशोधन नियतकालिकं फक्त बार मागतात. माझाही कल बारकडेच आहे, पण आकडा पुसून टाकू नये, कारण बारही खोटा असू शकतो. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टिव्हचं कॅलिब्रेशन, म्हणजे फोटोतला एक पिक्सेल किती मायक्रोमीटरचा हे, वेगळं साठवलेलं असतं. ऑब्जेक्टिव्ह हाताने फिरवलं आणि मेनूत जुनंच राहिलं, तर बार दिसायला व्यवस्थित, पण मापाने चुकीचा पडतो.

गालाच्या आतल्या पेशीचा असा फोटो घ्या. खाली ४५० पट, ५० मायक्रोमीटरचा बार ५ मिलिमीटर, पेशी २७ मिलिमीटर. बारप्रमाणे पट १०० आणि पेशी २७० मायक्रोमीटर. गालाची पेशी एवढी नसतेच. ती साधारण ५० ते ८० मायक्रोमीटरची असते. छापील पटीने ती ६० येते. आता ४५० आणि १०० यांचं गुणोत्तर पाहा: ४.५. हाय पॉवरचं ४५ आणि लो पॉवरचं १० यांच्यातही तेवढाच फरक आहे. म्हणजे फोटो ४५ च्या ऑब्जेक्टिव्हवर काढला आणि बार १० च्या कॅलिब्रेशनने पडला. छापील पट नसती तर हा दोष पकडायला फक्त पेशीची ओळखच हाताशी राहिली असती. रक्ताची स्लाइड असेल तर हे आणखी सोपं जातं, कारण माणसाची लाल पेशी ७ ते ८ मायक्रोमीटरच्या आसपासच असते.

अर्थात फक्त गुणोत्तरावर निकाल देता येत नाही, फोटो योगायोगाने तेवढाच लहान केलेला असू शकतो. म्हणून ओळखीच्या पेशीशी ताडून पाहायचं. आणि फोटो एकाच बाजूने ताणला असेल तर आडवा बार उभ्या लांबीला लागू पडत नाही. नळीतलं गोल वर्तुळ फोटोत अंडाकार दिसलं की हे समजतं.

अलीकडे काही प्रयोगशाळांत जुनी पायरी परत आली आहे: ऑब्जेक्टिव्ह आणि झूम न बदलता आधी स्टेज मायक्रोमीटरचा फोटो, मग पेशीचा, आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये.