१-फिनाइलइथाइलअमाईनचे दोन एनँशिओमर टार्टरिक आम्लाने वेगळे करताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुम्ही मागवलेल्या संचात रेसेमिक १-फिनाइलइथाइलअमाईन, नैसर्गिक धन टार्टरिक आम्ल आणि एका छोट्या कुपीत चिमूटभर बीजस्फटिक आहेत. कुपी लहान असली तरी ती टाकून देऊ नका. ती कशासाठी दिली आहे ते पुढे कळेल.

रेसेमिक अमाईनमध्ये आर आणि एस हे दोन्ही एनँशिओमर निम्मे-निम्मे असतात. दोघांचा उत्कलनबिंदू एकच आणि साध्या द्रावकातली विद्राव्यताही एकच, त्यामुळे ऊर्ध्वपातन करा किंवा स्फटिक काढा, ते एकत्रच येतात. हायड्रोक्लोरिक आम्लाचा क्षार केला तरी फरक पडत नाही, कारण त्या आम्लाला डावे-उजवे नसते. टार्टरिक आम्ल मात्र स्वतः एकाच हाताचे आहे. त्याच्याशी एस-अमाईनचा क्षार झाला की एक पदार्थ आणि आर-अमाईनचा क्षार झाला की दुसराच पदार्थ तयार होतो. हे दोन क्षार एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा नसून डायस्टिरिओमर असतात, म्हणून त्यांची विद्राव्यता वेगळी असते. मिथेनॉलमध्ये एस-अमाईनचा क्षार कमी विरघळतो आणि आधी खाली बसतो. सगळी पद्धत या एका फरकावर उभी आहे. लुई पाश्चर यांनी ही वाट १८५३ मध्ये उलट्या बाजूने दाखवली होती: त्यांनी रेसेमिक टार्टरिक आम्ल कायरल बेसच्या मदतीने वेगळे केले.

वजने आणि पहिला टप्पा

खालील प्रमाण ०.१ मोलचे आहे. टार्टरिक आम्ल १५.० ग्रॅम, मिथेनॉल सुमारे २१५ मिलिलिटर आणि अमाईन १२.१ ग्रॅम. अमाईन मापनळीने न घेता वजनाने घ्या. टार्टरिक आम्लात दोन आम्लगट असतात आणि आपल्याला हवा असतो तो एका अमाईनला एक आम्ल असा हायड्रोजन टार्टरेट क्षार. अमाईन जास्त पडले तर दुसरा आम्लगटही बांधला जाऊन वेगळ्याच रचनेचा क्षार तयार होऊ लागतो आणि मग स्फटिक नेमके कशाचे आहेत हे सांगता येत नाही. मिथेनॉल शक्य तितके कोरडे घ्या, कारण टार्टरेट क्षार पाण्यात सहज विरघळतात आणि ओल्या मिथेनॉलमध्ये उतारा घटतो.

५०० मिलिलिटरच्या शंकूपात्रात आम्ल आणि मिथेनॉल एकत्र करून वॉटरबाथवर उकळीपर्यंत तापवा. मिथेनॉल विषारी आहे आणि लगेच पेटते, म्हणून काम फ्यूमहूडमध्येच आणि उघड्या ज्योतीशिवाय करा. आम्ल पूर्ण विरघळल्यावर पात्र बाथवरून काढा आणि अमाईन थोडे-थोडे घाला. मिथेनॉल आधीच उकळीच्या काठावर असते आणि त्यात आम्ल-बेसच्या उष्णतेची भर पडते. अमाईन एकदम ओतले तर द्रावण फसफसून पात्राबाहेर येते आणि मोजून घेतलेले प्रमाण तिथेच बिघडते. पात्र अर्धेच भरलेले असावे असे आम्ही सांगतो, ते यासाठीच.

सगळे अमाईन पडल्यावर पांढरा साका दिसला तर परत गरम करून तो विरघळवा. द्रावण स्वच्छ झाले की बूच लावून पात्र खोलीच्या तापमानाला, न हलवता, २४ तास ठेवा.

सुया की प्रिझम

या पद्धतीत काम बिघडते ते बहुतेक वेळा इथेच. बिघडले आहे हे डोळ्यांना दिसते, पण पाहण्याची सवय हवी. नीट आलेला एस-क्षार जाड, चकचकीत, धारदार कडांच्या प्रिझमसारखा दिसतो. पात्र तिरके केले की हे स्फटिक तळाशी घरंगळतात. चुकीचा साका बारीक, केसासारख्या सुयांचा असतो. तो कापसासारखा फुगून द्रावण धरून ठेवतो आणि पात्र तिरके केले तरी गोळा जागचा हलत नाही.

सुयांमध्ये दोन्ही अमाईनचे क्षार मिसळलेले असतात. त्यातून सोडवलेल्या अमाईनची प्रकाशीय शुद्धता निम्म्याच्या आसपास राहू शकते. अशा सुया धुऊन शुद्ध होत नाहीत, कारण अशुद्धता पृष्ठभागावर नसून स्फटिकाच्या आतच असते. सुया दिसल्या की गाळायला घेऊ नका. पात्र पुन्हा बाथवर ठेवा आणि जवळजवळ सगळे विरघळेपर्यंत तापवा. सुयांमध्ये काही प्रिझम दिसत असतील तर ते मागे राहू द्या, कारण सुया आधी विरघळतात. एकही प्रिझम उरला नाही तर द्रावण थोडे निवल्यावर कुपीतले दोन-तीन बीजस्फटिक टाका. द्रावण फार गरम असेल तर बीज विरघळून जाते. फार थंड झाल्यावर टाकले तर सुयांना आधीच सुरुवात झालेली असते. स्पर्शाला कोमट, पण अजून स्वच्छ असलेले द्रावण ही योग्य वेळ.

सुया येण्याचे कारण बहुतेकदा घाई असते. बर्फात ठेवल्याने द्रावण झपाट्याने अतिसंतृप्त होते आणि मग जास्त विरघळणारा आर-क्षारही बाहेर पडतो. उतारा वाढावा म्हणून मिथेनॉल कमी घेतल्यानेही हेच होते. दोन्ही मोह टाळा. पात्र लाकडी फळीवर किंवा कापडाच्या घडीवर ठेवले तर ते सावकाश निवते.

प्रिझम बुकनर फनेलवर गाळा आणि थंड मिथेनॉलच्या दोन छोट्या हिश्श्यांनी, प्रत्येकी १० मिलिलिटर, धुवा. धुणे महत्त्वाचे आहे, कारण स्फटिकांना चिकटलेल्या मदर लिकरमध्ये आर-क्षारच जास्त असतो. वाळल्यावर ८.५ ते ९ ग्रॅम क्षार मिळायला हवा. एस-अमाईनचा सगळा क्षार मिळाला असता तर १३.६ ग्रॅम भरला असता. म्हणजे साधारण दोन तृतीयांश माल हाती येतो आणि एका फेरीसाठी तो पुरेसा आहे. ११–१२ ग्रॅम मिळाले तर खूश होऊ नका, आधी भिंगाखाली स्फटिक पाहा.

अमाईन सोडवणे

८.७ ग्रॅम क्षार ४५ मिलिलिटर पाण्यात घ्या आणि ५० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ६ मिलिलिटर हळूहळू घाला. अमाईनचा तेलकट थर वर येतो. पाण्याच्या थराचा पीएच १२ च्या वर आहे का ते पट्टीने बघा. दोन्ही आम्लगटांना पुरेल इतका बेस पडला नसेल तर अमाईनचा काही भाग क्षाराच्या रूपात पाण्यातच राहतो. ईथरने तीन-चार वेळा निष्कर्षण करा, एकेक हिस्सा ३० ते ४० मिलिलिटरचा. एकत्र केलेला ईथर निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवा. कॅल्शियम क्लोराइड वापरू नका, ते अमाईनला धरून ठेवते.

ईथर काढून अमाईन कमी दाबाखाली ऊर्ध्वपातित करा. साध्या दाबाला ते साधारण १८७ अंश सेल्सिअसला उकळते. क्षाराच्या वजनावरून ३.९ ग्रॅम अमाईन यायला हवे. इतक्या कमी मालात उपकरणाला चिकटून राहणारा भागही मोजण्याजोगा असतो, म्हणून ३.३ ग्रॅम मिळाले तरी काम ठीक झाले असे समजा.

शुद्धता मोजताना

१.०० ग्रॅम अमाईन इथेनॉलमध्ये विरघळवून १० मिलिलिटर करा आणि १ डेसिमीटरच्या नळीत, सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात, २० अंशांना वाचन घ्या. या मापात शुद्ध एस-अमाईनचे विशिष्ट घूर्णन −३०° धरतात, म्हणजे पोलरीमीटरवर −३.०° दिसायला हवे. समजा −२.८५° दिसले. प्रकाशीय शुद्धता ९५ टक्के झाली, म्हणजे मिश्रणात एस ९७.५ आणि आर २.५ टक्के. ९५ टक्के शुद्धता म्हणजे ५ टक्के आर, असा गैरसमज ग्राहकांकडून बरेचदा ऐकायला मिळतो. उरलेल्या ५ टक्के रेसेमिक भागातही निम्मे एस असते.

द्रावक न घालता, शुद्ध द्रवाचे घूर्णन −४०° च्या आसपास येते. त्यामुळे इथेनॉलमधले वाचन त्या आकड्याशी ताडले तर चांगला मालही उगाच नापास होतो. उलट, अमाईनमध्ये ५ टक्के ईथर राहिला असेल तर वजनात तो धरला जातो, पण घूर्णनात काहीच देत नाही. मग एनँशिओमरची शुद्धता चांगली असूनही वाचन कमी दिसते. वाचन कमी आले की आधी नमुना ईथरमुक्त आणि कोरडा आहे ना ते तपासा आणि मगच पुन्हा स्फटिकीकरणाचा विचार करा. अंतिम उत्पादनासाठी आकडा हवा असेल तर पोलरीमीटरवर थांबू नका, कायरल स्तंभावरचा क्रोमॅटोग्राफ घ्या.

मदर लिकर फेकू नका

वरच्या उदाहरणात एस-अमाईनचे ३.९ ग्रॅम स्फटिकांतून निघून गेले. मदर लिकरमध्ये आर ६.०५ ग्रॅम आणि एस २.१५ ग्रॅम उरते, म्हणजे आर-अमाईनचे आधिक्य सुमारे ४८ टक्के. याच धन टार्टरिक आम्लाने त्यातून शुद्ध आर काढायचा प्रयत्न करू नका, कारण मिथेनॉलमध्ये आधी बाहेर पडेल तो पुन्हा एस-क्षारच. मिथेनॉल उडवून वरच्याच रीतीने अमाईन मोकळे करा आणि ताज्या मिथेनॉलमध्ये ऋण टार्टरिक आम्लाबरोबर तीच कृती करा. आता कमी विरघळणारा क्षार आर-अमाईनचा असेल. सुरुवातच आर-समृद्ध मिश्रणाने होत असल्याने प्रिझम पहिल्या फेरीपेक्षा सहज येतात. मात्र बीज म्हणून आर-क्षाराचे स्फटिक हवेत. संचातली कुपी एस-क्षाराची आहे आणि ती इथे चालणार नाही.

तयार अमाईन लगेच घट्ट बुचाच्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीत ठेवा. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन बाटलीच्या तोंडाशी पांढरी पूड जमते. ती दिसली तर तेवढे अमाईन वापरण्याआधी पुन्हा ऊर्ध्वपातित करा. हे द्रव कातडी आणि डोळे भाजते, म्हणून हातमोजे व चष्मा बाटली भरतानाही काढू नका.