एपीएआरमध्ये, म्हणजे वर्षाच्या कामाच्या गोपनीय अहवालात, कमी मार्क पडले तर रिप्रेझेंटेशन कसं द्यायचं, कोणाला देता येतं आणि सोबत काय जोडायचं

हे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, म्हणजे नांदेड, लातूर, संभाजीनगरला केंद्राच्या ऑफिसात जे आहेत त्यांच्यासाठी. राज्य सरकार आणि झेडपीवाल्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी आपल्या विभागाचा जीआर काढून मुदत बघून घ्यावी.

डीओपीटीचं, म्हणजे केंद्राच्या कार्मिक विभागाचं, 14 मे 2009 चं ऑफिस मेमोरँडम आहे, त्यानुसार पूर्ण एपीएआर तुम्हाला दाखवावाच लागतो, नुसता वाईट शेराच नाही तर सगळं, आणि हाती आल्यापासून 15 दिवसांत रिप्रेझेंटेशन देता येतं. 15 दिवसांत काही दिलं नाही तर तो फायनल धरला जातो. त्यामुळं मिळाल्याची तारीख आधी लिहून ठेवा. एपीएआर स्पॅरोवर, म्हणजे ऑनलाइन पोर्टलवर, असेल तर डिस्क्लोजरच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा.

लई जणांना वाटतं ‘गुड’ म्हणजे चांगलंच की, कशाला भांडायचं. पण 25 जुलै 2016 पासून एमएसीपीसाठी, म्हणजे प्रमोशन न मिळताही ठराविक वर्षांनी मिळणाऱ्या पगारवाढीसाठी, बेंचमार्क ‘व्हेरी गुड’ आहे, म्हणजे एका वर्षाच्या ‘गुड’नं पगारवाढ अडकू शकते. दहापैकी 4 ते 6 च्या आत ‘गुड’, 6 ते 8 च्या आत ‘व्हेरी गुड’.

आता त्या मेमोरँडममधलं मेन वाक्य असं की रिप्रेझेंटेशन फक्त अहवालातल्या ठराविक वस्तुस्थितीच्या नोंदींपुरतंच असावं. इथंच बहुतेक पत्रं वाया जातात, कारण माणूस लिहितो की साहेब माझ्यावर राग धरून आहेत, शेजारच्याला जास्त दिले, मी वीस वर्षं इमानदारीनं काम केलं. हे सगळं खरं असू शकतं, मनाला लागतंच, पण निर्णय देणाऱ्याला त्यातलं काहीच तपासता येत नाही.

समजा एका ताईंना वर्षाला 240 केसेसचं टार्गेट होतं, झाल्या 204, आणि प्रतिवेदन अधिकाऱ्यानं लिहिलं “लक्ष्य पूर्ण नाही, कामात दिरंगाई.” कामाच्या भागाला सरासरी 4.5 दिले, स्वभावगुण आणि कार्यक्षमता दोन्हीला 6.5. वजन 40, 30, 30 टक्के, म्हणून 1.8 अधिक 1.95 अधिक 1.95 म्हणजे 5.7, ‘गुड’. आता त्यांनी ऑफिस ऑर्डर काढून बघितली तर ऑगस्ट-सप्टेंबर दोन महिने त्यांना पूर्णवेळ दुसऱ्या टेबलाला लावलेलं, म्हणजे स्वतःच्या टेबलावर दहाच महिने, आणि महिन्याला 20 च्या हिशोबानं लक्ष्य 200 येतं. 204 झाल्या. कामाच्या भागाला 6 जरी मिळाले तरी बेरीज 6.3, ‘व्हेरी गुड’. मग पत्र एवढंच:

“माननीय महोदय, अहवालातील ‘लक्ष्य पूर्ण नाही’ या नोंदीबाबत नम्र निवेदन करते की, सोबतच्या कार्यालयीन आदेशानुसार ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत मी अन्य टेबलाचे काम पाहत होते. उर्वरित दहा महिन्यांत 200 च्या प्रमाणात 204 प्रकरणे निकाली काढली, मासिक विवरणपत्रे जोडली आहेत. वर्षभरात दिरंगाईबाबत मला कोणताही लेखी मेमो मिळालेला नाही. तरी सदर नोंद वगळून कामाच्या गुणांचा फेरविचार व्हावा ही विनंती.”

मेमोचं वाक्य खरं असेल तरच टाका, मेमो असेल तर त्याला दिलेलं उत्तर जोडा. सोबत एपीएआरची कॉपी, स्वतः भरलेलं सेल्फ अप्रेझल, ती ऑफिस ऑर्डर आणि बारा महिन्यांची विवरणपत्रं लागतात, प्रत्येकाला जोडपत्र नंबर द्या आणि पत्रात त्या त्या वाक्यापाशीच लिहा. सेल्फ अप्रेझलमध्येच दुसऱ्या टेबलाचा उल्लेख असेल तर तुमची बाजू पक्की होते, कारण साहेबांनी वाचून पण धरलं नाही असं रेकॉर्डवरच दिसतं. विवरणपत्रं ऑफिसातनं लेखी मागा, आरटीआयच्या भरवशावर बसू नका, तिथं उत्तराला 30 दिवस आणि तुमच्याकडं 15. कागद आलेच नाहीत तर मागणीच्या अर्जाची पोच जोडून पत्र मुदतीतच द्या.

अजून एक बघा, ज्यानं लिहिलं त्याच्या हाताखाली तुमचं काम किमान तीन महिने झालेलं पाहिजे. साहेब फेब्रुवारीत आले आणि मार्चअखेरच्या वर्षाचं लिहिलं, तर जॉइनिंगची तारीख हाच पहिला मुद्दा घ्या.

एपीएआर स्पॅरोवर असेल तर पत्र तिथूनच, कागदावर असेल तर थ्रू प्रॉपर चॅनल सक्षम अधिकाऱ्याला, आणि पोच घ्या. त्यांनी 30 दिवसांत कारणांसह निर्णय द्यायचा असतो. “विचार केला, बदलाची गरज नाही” एवढंच आलं तर कारण नाही हाच पुढचा मुद्दा होतो, त्यावर कॅटमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाता येतं, आदेशापासून एक वर्षाच्या आत. उत्तरच नाही आलं तर अर्जापासून सहा महिने थांबावं लागतं, आणि मग तिथून पुढं एक वर्ष मिळतं. संभाजीनगरचं मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण राज्य कर्मचाऱ्यांचं आहे, तिथं केंद्राची केस चालत नाही, आपल्याला कॅटचं मुंबई खंडपीठ लागतं.