गन ५१ दाखवते आणि मोटर ८० ला असते: अंतराची चूक की चमकीची चूक?

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर ऐन हंगामात दोन मोटरी तपासायला गेलो होतो. एक घाण्याची, जुनी बिडाच्या बॉडीची, हिरवा रंग दिलेली. दुसरी रस काहिलीत चढवणाऱ्या पंपाची, लहान, बिनरंगाच्या ॲल्युमिनियम बॉडीची. मालकांनी स्वतःची इन्फ्रारेड गन दोन्हींवर धरून दाखवली. घाण्याची मोटर ५१ अंश, पंपाची ४४. "दादा, मोटरी गारच हाईत की, मग ग्रीस का गळतंय?" असा त्यांचा सवाल होता. दोन्ही मोटरींच्या बेअरिंगच्या कव्हरवर हात दोन सेकंदही टेकत नव्हता. खरं तापमान दोन्हीकडे ८० च्या आसपास होतं.

आकडा दोन्हीकडे कमी आला, पण कारण एक नव्हतं. एका ठिकाणी अंतर चुकलं होतं, दुसऱ्या ठिकाणी पत्र्याची चमक आडवी आली होती. पडद्यावर या दोन चुका सारख्याच दिसतात, म्हणून एकीचं औषध दुसरीला दिलं जातं आणि आकडा आणखी बिघडतो.

आधी गन काय करते ते थोडक्यात. प्रत्येक गरम वस्तू डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणं सोडते. गनचं भिंग ती किरणं गोळा करतं आणि गन त्यांच्या जोरावरून तापमानाचा हिशोब मांडते. लाल लेझरचा यात काही वाटा नाही. तो फक्त नेम दाखवतो. तापमान त्या बारीक ठिपक्याचं येत नाही, त्याभोवतीच्या एका मोठ्या वर्तुळाचं येतं, आणि हे वर्तुळ दिसत नाही.

घाण्याच्या मोटरीवर घोटाळा झाला तो याच वर्तुळामुळे. मालकांच्या गनवर `D:S 12:1` असं छापलेलं होतं. म्हणजे गन बारा सेंटिमीटरवर असेल तर एक सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ मोजलं जातं. पट्टा फिरत असल्यामुळे मालक सुरक्षित अंतर राखून, साधारण २ मीटर ४० सेंटिमीटरवर उभे होते. तिथून वर्तुळ झालं २० सेंटिमीटरचं. बेअरिंगचा फुगीर भाग होता १० सेंटिमीटरचा. व्यास निम्मा म्हणजे क्षेत्रफळ चौथाई. वर्तुळाच्या एका भागात ८० अंशांचं बेअरिंग, उरलेल्या तीन भागांत मागची भिंत, फाउंडेशन, पट्ट्याची जाळी असं ४० अंशांच्या आसपासचं सगळं. गनने या सगळ्यांची किरणं एकत्र घेतली आणि ५१ लिहिलं. गनमध्ये बिघाड नव्हता. तिला जे दाखवलं त्याचीच सरासरी तिने सांगितली. लेझरचा ठिपका मात्र बेअरिंगच्या बरोबर मध्यावर होता, त्यामुळे माणसाला शंका येत नाही.

घाणा थांबवायला लावला आणि पट्टा थांबताच ४० सेंटिमीटरवरून गन धरली. आता वर्तुळ साडेतीन सेंटिमीटरच्या आतलं, पूर्ण बेअरिंगवर बसलेलं. आकडा आला ७९. बीड उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे थांबवल्यावर लगेच घेतलेलं माप चालतं. चालू पट्ट्याजवळ हात नेण्याची गरज नाही. माझा नियम असा की मोजायची जागा वर्तुळाच्या निदान दुप्पट असावी. छापलेलं प्रमाण सगळ्या किरणांचा हिशोब देत नाही, थोडी किरणं वर्तुळाच्या बाहेरूनही येतात. शिवाय लेझर भिंगाच्या शेजारी बसवलेला असतो, त्यामुळे अगदी जवळून ठिपका एकीकडे आणि माप दुसरीकडे असं बोटभर अंतर पडतं.

आता पंपाची मोटर. इथे मालक जवळच उभे होते, वीस सेंटिमीटरवर, वर्तुळ जेमतेम दोन सेंटिमीटरचं. अंतराचा दोष काढायला जागाच नाही. तरी आकडा ४४. मी आणखी जवळ गेलो, ४४. दोन पावलं मागे झालो, तेव्हाही ४४-४५. अंतर बदलून आकडा हलत नाही, ही चमकीच्या चुकीची पहिली खूण.

सारख्याच तापलेल्या दोन वस्तू सारखी किरणं सोडत नाहीत. रंग दिलेला पृष्ठभाग, गंजलेलं बीड, रबर, पाणी, अन्न ही मंडळी मोकळ्या हाताने सोडतात. चकचकीत धातू फार कंजूष असतो. या देण्याच्या प्रमाणाला उत्सर्जकता म्हणतात, वर्कशॉपमध्ये एमिसिव्हिटी. रंगाची साधारण ०.९ ते ०.९५, मग तो काळा असो की पांढरा; या किरणांना रंगाची छटा कळत नाही. उघड्या ॲल्युमिनियमची घासण्यावर आणि ऑक्सिडेशनवर अवलंबून ०.०५ पासून ०.३ पर्यंत. त्या पंपाच्या बॉडीची ०.२ च्या आसपास निघाली. रिवाइंडिंगनंतर मोटरीला चंदेरी रंग मारून देतात, तोही या नियमाला अपवाद. त्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते आणि त्याची उत्सर्जकता साध्या ऑइल पेंटच्या निम्म्यावर येऊ शकते.

बहुतेक स्वस्त गन ०.९५ धरूनच चालतात. म्हणजे समोरची वस्तू जवळजवळ सगळं देते आहे असं मानतात. ॲल्युमिनियमने ८० अंशांच्या हिशोबाने द्यायचं त्याच्या पाचवा हिस्साच दिला. उरलेलं जे गनपर्यंत पोचलं ते त्या चमकीत पडलेलं शेडचं प्रतिबिंब होतं, ३२ अंशांचं. दोन्हींची बेरीज करून ४४. चकचकीत धातू मोजताना आपण बरंचसं आरशात बघत असतो, हे एकदा कळलं की पुढचं सोपं होतं.

आरसा म्हटल्यावर समोर काय आहे यालाही महत्त्व येतं. तो पंप चुलवाणाच्या भिंतीपासून फार लांब नव्हता. मी बाजू बदलून असा उभा राहिलो की त्या तापलेल्या भिंतीचं प्रतिबिंब बॉडीत पडेल. गन ६५ वर गेली. मोटर तीच, मिनिट तेच. रंगीत घाण्याच्या मोटरीवर हाच प्रयोग केला तर आकडा एखाद्या अंशानेही धड हलला नाही. म्हणून दुसरी खूण ही: अंतर तेच ठेवून फक्त कोन बदला, आकडा उड्या मारत असेल तर चमक आहे.

इथे बरेच जण गनच्या मेन्यूत जाऊन एमिसिव्हिटी बदलतात. ज्या गनला ती सोय आहे तिथे हा उपाय बरोबर वाटतो, पण उघड्या धातूवर मला त्याचा भरवसा नाही. त्याच पंपावर ०.२० लावलं तर ८० येतात. ०.२५ लावलं तर ७२, ०.१५ लावलं तर ९२. आता समोरचा पत्रा ०.१५ चा की ०.२५ चा हे डोळ्यांनी कोण सांगणार? हाताच्या घामाचा, तेलाचा थर बसला तरी तो बदलतो.

घाण्याच्या मोटरीवर तर हा उपाय धोकादायक आहे. समजा मालकांनी लांबून ५१ बघितलं, हाताला जास्त लागतंय म्हणून एमिसिव्हिटी कमी करत करत ०.३३ वर आणली. आकडा ८० येईल आणि समाधान होईल. मग कुणीतरी जवळ जाऊन मोजलं तर तीच गन १३७ दाखवेल, कारण रंगाची खरी उत्सर्जकता ०.९५ होती आणि चूक मुळात अंतराची होती. चांगली मोटर त्या आकड्यावर उतरवली जाईल.

त्यामुळे क्रम ठरलेला असावा. आधी जवळ जा. आकडा वाढत वाढत एका जागी थांबला, तर अंतराची चूक होती आणि ती आता गेली. जवळ जाऊनही हाताला लागणारी ऊब आणि आकडा जुळत नसेल, तर चमक झाकायची. मी साधी काळी इन्सुलेशन टेप वापरतो, तिची उत्सर्जकता ०.९५ च्या जवळ असते. पंप बंद करून, फिरत्या शाफ्टपासून दूर, स्थिर कव्हर पुसून टेप लावली, पंप परत चालू केला आणि टेप बॉडीइतकी तापायला पाच मिनिटं दिली. गन ७९.

इथे दोन्ही चुका पुन्हा एकत्र भेटतात. टेपची रुंदी दोन सेंटिमीटरच्या थोडी आत असते. वीस सेंटिमीटरवरचं वर्तुळ जवळजवळ तेवढंच. एकच पट्टी लावून मोजलं तर वर्तुळाच्या कडा परत ॲल्युमिनियमवर पडतात आणि आकडा साठ-सत्तरमध्ये कुठेतरी अडकतो. म्हणून तीन पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून चौकोन करायचा आणि दहा-बारा सेंटिमीटरवरून त्याच्या मध्यावर धरायची. साधी टेप ८० अंशांच्या वर फार काळ टिकत नाही, गोंद सुटतो. कायमच्या मापासाठी उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा ठिपका मारलेला बरा.

काम आटोपल्यावर गुळव्याने काहिलीबद्दल विचारलं. त्याच्याकडे गन ११८ ऐवजी १०० च्या आतबाहेर दाखवत होती, आणि पाक तर उतरवायला आला होता. इथे या दोघींपैकी कुठलीच चूक नव्हती. रसाची उत्सर्जकता पाण्यासारखी, चांगली. काहील इतकी रुंद की वर्तुळ बाहेर जायचा प्रश्न नाही. आड येत होती ती पांढरी वाफ. गनला पाकाऐवजी तिच्यातले थेंब दिसत होते, आणि भिंगावरही दमटपणा धरला होता. शिवाय गनला फक्त वरचा फेस दिसतो, तळचा पाक नाही. तिथे दांडीचा थर्मामीटर पाकात बुडवणं हाच मार्ग.

घरच्या दुधाला मात्र चमकीची चूक पुरेपूर लागू आहे. स्टीलच्या पातेल्याच्या बाहेरून गन धरली तर उकळतं दूधही कोमट दिसतं. दूध ढवळून, वाफ फुंकून बाजूला करून, वरून थेट दुधावर धरा. गनची परीक्षा घ्यायची असेल तर पातेल्यात पाणी उकळा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला, ज्वाळेपासून वर, पाण्याच्या पातळीखाली त्याच टेपचा चौकोन चिकटवा आणि त्याच्या शेजारचं उघडं स्टील मोजून दोन्ही आकडे एकाखाली एक लिहा.

गुऱ्हाळमालकांनी आता दोन्ही मोटरींच्या बेअरिंग कव्हरवर काळा ठिपका मारून घेतला आहे. घाण्याच्या मोटरीच्या ठिपक्याशेजारी खडूने ४० लिहिलंय, पंपाच्या शेजारी १२. ते तापमान नाही, गन किती सेंटिमीटरवर धरायची त्याचा आकडा आहे.