जॉइनिंगच्या आधीचा वेलकम ईमेल

ऑफर स्वीकारलेल्या माणसाला पहिल्या दिवसाच्या आधी एचआर किंवा मॅनेजर जो ईमेल पाठवतो तो वेलकम ईमेल. नावात वेलकम असलं तरी स्वागताला एक वाक्य पुरतं, खरं काम म्हणजे किती वाजता, कुठल्या गेटने यायचं, कोणाला भेटायचं आणि सोबत काय आणायचं हे त्यातून कळणं.

हा ईमेल साधारण आठवडाभर आधी आणि पर्सनल आयडीवर जातो, कारण कंपनीचा आयडी बऱ्याच ठिकाणी जॉइनिंगच्या दिवशीच चालू होतो. जिथे सिस्टीम आपोआप ईमेल पाठवते तिथे नेमकं इथेच घोळ होतो, ईमेल नव्या ऑफिशियल आयडीवर जाऊन पडतो आणि ज्याच्यासाठी लिहिलाय त्याला तो उघडताच येत नाही. म्हणून "मिळाला की कळवा" अशी ओळ टाकतात आणि दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर सरळ फोन लावतात.

समजा एक अकाउंटंट सोमवारी जॉइन होतेय. ऑफिस ९ला सुरू होत असलं तरी तिला १०ची वेळ दिलेली बरी, म्हणजे टीमची सकाळची धावपळ उरकलेली असते आणि आयटीवाल्यांना लॅपटॉप तयार ठेवायला तासभर मिळतो. ईमेलमध्ये असं काहीतरी असतं: "मागच्या गेटने या, सिक्युरिटीला माझं नाव सांगा, पास तयार असेल, अडलात तर या नंबरवर फोन करा." हा नंबर चालू मोबाइलचा हवा, रिसेप्शनचा देऊन भागत नाही. घरून काम असेल तर गेटच्या जागी लॅपटॉप कधी पोचणार आणि मीटिंगची लिंक, आणि माणूस दुसऱ्या देशात असेल तर दिलेली वेळ कुठल्या देशाची ते स्पष्ट.

कागदपत्रांचं दोन भागांत सांगितलं की गोंधळ होत नाही. बँक डिटेल्स आणि टॅक्सचे फॉर्म आधी लागतात कारण पेरोलची तारीख ठरलेली असते, ती हुकली तर पहिला पगार पुढच्या महिन्यावर जाऊ शकतो. ओळखपत्र आणि सर्टिफिकेटं मात्र ओरिजिनल, पहिल्या दिवशी दाखवायला. ओळखपत्राचे स्कॅन रिप्लायमध्ये मागवू नयेत, ते दोन्हीकडच्या इनबॉक्समध्ये कायमचे पडून राहतात, अपलोडची सुरक्षित लिंक द्यावी. आणि ही लिंक खरीच कंपनीची आहे हे कळावं म्हणून ईमेल ऑफर पाठवणाऱ्याच ओळखीच्या आयडीवरून गेलेला चांगला, नाहीतर सावध माणूस फ्रॉड समजून तो डिलीट करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पहिल्या आठवड्याचा प्लॅन तासातासाचा नको. सोमवारी लॉगिन, ओळखी आणि टीमसोबत जेवण, मंगळवार-बुधवार एका सीनियरसोबत बसून कामाची पद्धत बघणं, गुरुवारी छोटंसं खरं काम, म्हणजे अकाउंटंटला हिशेब बंद झालेल्या एखाद्या जुन्या महिन्याचं बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे कंपनीच्या नोंदी बँक स्टेटमेंटशी जुळवणं, करून बघायला देणं, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं त्यामुळे चुकलं तरी बिघडत नाही, आणि शुक्रवारी मॅनेजरसोबत अर्धा तास. फक्त पाठवण्याआधी हे मॅनेजरच्या कॅलेंडरशी ताडून बघावं लागतं, कारण एचआरने शुक्रवारी भेट लिहिलेली असते आणि मॅनेजर त्या दिवशी सुट्टीवर असतो.