दुप्पट झाडाची फेरी: ‘दोन’ आला कुठून?

जोसेफ क्रुस्कल यांच्या 1956 च्या निबंधाच्या शीर्षकातच कमीत कमी लांबीचं स्पॅनिंग ट्री, म्हणजे सगळी ठिकाणं जोडणारं पण कुठेही वर्तुळ न करणारं रस्त्यांचं झाड, आणि फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न, म्हणजे सगळी ठिकाणं एकेकदा करून परत येणारी सगळ्यात लहान फेरी शोधणं, शेजारी-शेजारी बसले होते. झाड काढणं सोपं. बोरूव्का यांनी ते 1926 मध्येच वीजजाळ्यासाठी सोडवलं होतं. फेरी मात्र हट्टी निघाली आणि 1972 मध्ये रिचर्ड कार्प यांच्या निबंधानंतर तिच्यासाठी झटपट अचूक रीत सापडण्याची आशा जवळपास मावळली. मग प्रश्न बदलला: अचूक नको, पण किती चुकतोय हे तरी छातीठोक सांगता येईल का? शीर्षकातला ‘दोन’ हे त्याचंच एक उत्तर: झाडावरून काढलेली फेरी सर्वोत्तम फेरीच्या फार तर दुप्पट.

साताऱ्याचा एक वितरक घ्या. त्याला वाई, कोरेगाव आणि कराड करून परत यायचंय. हिशेबासाठी गोल आकडे धरू: सातारा–कोरेगाव 20 किमी, सातारा–वाई 35, सातारा–कराड 50, वाई–कोरेगाव 45, कोरेगाव–कराड 55, वाई–कराड साताऱ्यावरूनच, म्हणजे 85. सगळ्यात लहान झाड म्हणजे साताऱ्याहून निघणारे तीन रस्ते, एकूण 105.

आता गंमत इथे आहे. सर्वोत्तम फेरी आपल्याला ठाऊक नाही, पण तिचा कुठलाही एक टप्पा काढला तर उरतो तो सगळी गावं जोडणारा मार्ग, आणि असा मार्ग हेही एक झाडच. ते सगळ्यात लहान झाडापेक्षा लहान असूच शकत नाही. म्हणजे फेरी न पाहताच कळलं की ती 105 च्या खाली जाणार नाही.

झाडाचा प्रत्येक रस्ता दोनदा धरला की प्रत्येक गावाला सम संख्येने रस्ते येतात, आणि ऑयलरच्या जुन्या नियमाने सलग फिरून परत येता येतं: सातारा–कराड–सातारा–वाई–सातारा–कोरेगाव–सातारा, 210 किमी. मधला सातारा गाळून थेट पुढच्या गावी गेलं तर 50+85+45+20, म्हणजे 200. थेट रस्ता वळशापेक्षा लांब नसतो, त्यामुळे गाळल्याने लांबी वाढत नाही. म्हणून फेरी झाडाच्या दुपटीच्या आत, आणि अर्थातच सर्वोत्तमाच्याही दुपटीच्या आत.

फांद्यांचा क्रम बदलून वाई, कोरेगाव, कराड असं गेलं तर 185 येतात, आणि इथे तेच सर्वोत्तम. क्रम नशिबाचा, हमी मात्र कुठल्याही क्रमाला लागू.

अंतराऐवजी मनमानी भाडं लावलं, की थेट जाणं वळशापेक्षा महाग पडू शकतं आणि युक्तिवाद तिथेच तुटतो. साहनी आणि गोन्झालेझ यांनी 1976 मध्ये दाखवलं की अशा खर्चांसाठी कुठल्याही ठराविक पटीची हमी देणंही मूळ प्रश्नाइतकंच अवघड आहे.

त्याच वर्षी ख्रिस्तोफिडिस यांनी सगळं झाड दुप्पट करण्याचा उधळेपणा टाळला. विषम संख्येने रस्ते येणाऱ्या गावांच्याच जोड्या लावून त्यांनी पट दीडवर आणली. सोव्हिएत संघात सेर्द्युकोव्ह यांनाही स्वतंत्रपणे तेच सापडलं. त्या दीडमधून अगदी नखभर कमी करायला पुढे 2020 साल उजाडलं.